एक हार शिल्लक

खेळाडू सात होते आणि आराखड्यात जागा आठ. ही अडचण नव्हती, किरकोळ गैरसोय होती, आणि आत्याकडे तिचा ठरलेला उपाय होता. रिकाम्या जागी आडवी रेघ मारायची, तिच्या समोरच्या खेळाडूला पुढे चाल द्यायची आणि विषय संपवायचा.

सगळा हॉल तिला आत्याच म्हणे, कारण भिंगरी तिला आत्या म्हणायची आणि बाकीच्यांनी ते उचलले होते. आठवडाभर ती वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करी. काटा खरे बोलतो की नाही हे ठरवणे हा तिचा पेशा होता. माणसांबाबतही तिने फारशी वेगळी पद्धत ठेवली नव्हती. वर्षातून एका रविवारी ती बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या हॉलमध्ये येऊन स्पर्धेचा आराखडा मांडी आणि पंचगिरी करी. तिचा थोरला भाऊ इथला कायमचा विजेता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. गेल्या हिवाळ्यात उस्ताद झोपेतच गेला. भिंगरी ही त्याची मुलगी.

आत्याने मार्कर उघडला, तोच हॉलचे मालक मागे येऊन उभे राहिले.

"रेघ नका मारू, आत्याबाई. पहिल्या जागी उस्तादांचं नाव लिहा."

"मालक, तो येणार नाहीये."

"ते मलाही कळतं हो, मी काय खुळा आहे? पण आपल्या हॉलची रीत तुम्हाला माहीत आहे. विजेत्याचं नाव फळ्यावरून कोणी पुसत नाही. ते हरवून उतरवायचं. मागे एकदा उस्ताद तापाने फणफणले होते, तेव्हाही पहिलं मानांकन त्यांचंच ठेवलं होतं."

"तेव्हा तो तापलेला होता. आता तो..."

टेबलाशी क्यूची काठी पुसत बसलेल्या भिंगरीने मान वर केली नव्हती, पण तिचा हात थांबला होता.

आत्याने मनातल्या मनात हिशेब केला. रेघ पहिल्या फेरीत हरते, हरलेल्यांच्या बाजूला जाते आणि तिथेही हरते. गैरहजर माणसाचेही तसेच होणार. रेघ काय आणि नाव काय, निकाल एकच. मग म्हाताऱ्या मालकांचे मन कशाला मोडा? तिने पहिल्या जागी 'उस्ताद' असे लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठे आले.

त्यात तिची चूक होती. ती कुठली, हे तिला पुढे कळले.

पोस्टमन या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. आठवे मानांकन, म्हणजे शेवटचे. आराखड्याप्रमाणे पहिल्याची गाठ आठव्याशी पडते, म्हणून त्याच्या वाट्याला उस्ताद आला होता. तो फळ्यासमोर डोके खाजवत उभा होता.

"आत्या, वरचं समजलं. जिंकला तो पुढे. पण खाली ही दुसरी शिडी कसली?"

"ती हरलेल्यांची बाजू. इथे एकदा हरून कोणी घरी जात नाही. वर हरलास की खाली उतरायचं आणि खालून पुन्हा चढायचं. खाली हरलास की मात्र संपलं. दोन हारी म्हणजे बाहेर."

"म्हणजे खालचा माणूस एका पायावर."

"अगदी बरोबर. आणि खालची शिडी लांब असते, कारण वरच्या प्रत्येक फेरीतून पडलेली माणसं तिथे येऊन मिसळत राहतात."

"आणि ह्या रेषा अशा फुल्या मारत का जातात? वरच्या अर्ध्यातला खालच्या अर्ध्यात, खालचा वरच्यात?"

"मुद्दाम. नाहीतर ज्याच्याशी सकाळी खेळलास त्याच्याशीच दुपारी पुन्हा गाठ पडते. आडवंतिडवं उतरवलं की तेच तोंड निदान उशिरा दिसतं."

"माझ्या बाबतीत तोंड दिसायचा प्रश्नच नाही म्हणा," पोस्टमन म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने जीभ चावली. भिंगरी हसली. त्या दिवशी ती तेवढीच हसली.

तिच्यासाठी तो दिवस साधा नव्हता. विजेत्याचे एकच नाव संध्याकाळपर्यंत राष्ट्रीय स्पर्धेसाठी कळवायचे होते, आणि वयाच्या गटात तिचे हे शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षी तिला त्या गटात कोणी उभे करणार नव्हते. उस्तादाने तिला शिकवले होते ते याच एका गोष्टीसाठी.

हॉल तळघरात होता. भर दुपारीही तिथे उजेड असा फक्त टेबलांवर टांगलेल्या दिव्यांचा. प्रत्येक टेबलावर हिरव्या कापडाचा एक लख्ख आयत आणि भोवती अंधार, त्यामुळे खेळणाऱ्यांचे हात दिसत, चेहरे दिसत नसत. आत्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. नियमाप्रमाणे दोघांचीही नावे पुकारायची असतात, आणि नियम म्हणजे नियम.

"टेबल एक. उस्ताद. पोस्टमन."

कोणीतरी जिन्याकडे पाहिले. पोस्टमन मात्र आधीपासूनच टेबलाशी उभा होता. वेळ सरली. आत्याने उस्तादाच्या नावापुढे एक हार मांडली आणि त्याला हरलेल्यांच्या बाजूला उतरवले. गणित चोख चालले होते.

खाली त्याच्यासमोर पहिल्याच फेरीत हरून आलेला कॅशियर होता. आत्याने पुकारा केला. कॅशियर आला नाही. तिने पुन्हा पुकारले. ठरलेली मुदत संपली, टेबल एक रिकामेच राहिले.

आणि इथे तिची चूक उघडी पडली.

दोन्ही खेळाडू गैरहजर राहिले तर काय करायचे, याचा नियम तिनेच पूर्वी घातला होता. दोघांनाही बाद केले तर पुढच्या फेरीत भोक पडते आणि सगळी शिडी लंगडते. म्हणून, दोघे नसतील तर वरचे मानांकन पुढे. साधा, सोयीचा नियम. रेघेला मानांकन नसते. नावाला असते. आणि फळ्यावरचे पहिले मानांकन उस्तादाचे होते.

"म्हणजे उस्ताद जिंकले?" मालकांनी विचारले. त्यांच्या आवाजातला आनंद आत्याला मुळीच आवडला नाही.

"म्हणजे कॅशियर हरले," ती म्हणाली, आणि तिने रेषा पुढे ओढली.

कॅशियर जरा वेळाने चौथ्या टेबलापासून आला. "अहो, मी कधीचा तिथे उभा आहे! तुम्हीच चार नंबर म्हणालात ना?"

"एक म्हणाले."

"चार ऐकू आलं. शपथेवर सांगतो. आणि आवाज तुमचा नव्हता, पण मी म्हटलं मालक पुकारत असतील."

तळघरात आवाज भिंतींवर आपटून कसाही येतो, हे आत्याने त्याला समजावले. ते खरेही होते. कॅशियरने मान हलवली आणि क्यू पिशवीत घातला. त्याच्या दोन हारी झाल्या होत्या.

पुढच्या फेरीत रेषांची ती फुली कामाला आली. पोस्टमन वरच्या बाजूला दंतवैद्याकडून हरला होता. सरळ उतरवला असता तर तोच उस्तादासमोर येता, आणि त्याला ना भीती होती ना ओळख. त्याने उभ्या उभ्या पुढे चाल घेतली असती. पण फुलीमुळे तो दुसरीकडे गेला, आणि उस्तादासमोर आला तो भिंगरीकडून हरलेला वेल्डर. दांडगा गडी, वीस वर्षांपासूनचा दोस्त, उस्तादाला खांदा देणाऱ्यांतला.

"टेबल एक. उस्ताद. वेल्डर."

वेल्डर दाराशी दिसत होता. चौकटीत उभा, क्यू हातात. तो आत आला नाही. आत्याने दुसऱ्यांदा पुकारले, हातानेही खुणावले. तो टेबलाकडे बघत राहिला, आदबीने, जसे आपण दुसऱ्याचा खेळ संपायची वाट बघतो तसे. मुदत संपली. चौकट म्हणजे टेबल नव्हे. आत्या तरातरा त्याच्यापाशी गेली.

"काय रे हे? समोर उभा राहून हरलास?"

"कधी?" वेल्डर गोंधळला. "माझी पाळी यायची आहे ना? टेबलावर डाव चालू होता."

"कोणाचा?"

"ते नाही दिसलं. पाठमोरा होता कोणीतरी. वाकला होता. मी म्हटलं, त्याचा नेम होऊ दे, मध्ये कशाला जा."

आत्याने टेबलाकडे पाहिले. रचलेले चेंडू जसेच्या तसे होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दुखावलेल्या डोळ्यांना उजेडाच्या कडेला सावल्या दिसतात, हे तिला ठाऊक होते. तिने त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितले. "हो, हो," तो म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला.

तिसरा होता टॅक्सीवाला. तोही पुकाऱ्याला आला नाही. तो जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या आपल्या टॅक्सीत सापडला, स्टिअरिंगच्या चाकावर डोके टेकून गाढ झोपलेला. उठवल्यावर तो शरमला. "जरा टेकलो. कोणीतरी काच वाजवून म्हणालं, अजून अवकाश आहे, पड थोडा." कोण, हे त्याने पाहिले नव्हते.

आत्या फळ्यापाशी परतली आणि तिने मनाशी आकडे मांडले. एखादा खेळाडू पुकाऱ्याला चुकण्याची शक्यता, समजा, विसात एक. लागोपाठ तीन म्हणजे आठ हजारांत एक. असे घडू शकते, जगात रोज कुठेतरी घडते. पण हा गुणाकार फक्त परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांना लागू पडतो, आणि तिला नेमका तोच प्रश्न खुपत होता. या तिघांच्या कारणांत सामाईक असे काहीच नव्हते. तेच तिला फार सामाईक वाटू लागले होते.

तोवर वरच्या बाजूच्या अंतिम सामन्यात भिंगरीने दंतवैद्याला हरवले होते. ती एकदाही न हरता अंतिम फेरीत पोहोचली होती. दंतवैद्य खाली उतरला. आता खालची शेवटची पायरी, उस्ताद आणि दंतवैद्य. त्यातला विजेता भिंगरीसमोर.

"हे बघा, मी इथेच खुर्ची टाकून बसतो," दंतवैद्य म्हणाला. तो आत्याच्या बाजूचा माणूस होता, पुराव्याशिवाय दाढही न काढणारा. "भुताखेतांच्या गप्पा बस झाल्या. माझं नाव पुकारा, मी उठेन, आणि बिचाऱ्या उस्तादांना मोकळं करेन."

"हलायचं नाही."

"पाण्यालासुद्धा नाही."

आत्याने ध्वनिक्षेपक उचलला आणि दंतवैद्याचा फोन वाजला. तो ऐकता ऐकता उभा राहिला, "रक्त? किती? कापूस दाबून धरा, आलोच," म्हणाला आणि जिना चढूनही गेला. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. तो परतला तेव्हा मुदत सरली होती. त्याचा चेहरा त्याच्याच कापसासारखा पांढरा पडला होता.

"दवाखान्याला कुलूप आहे," तो हळूच आत्याला म्हणाला. "अर्थात असणारच, आज रविवार. पण फोन आतूनच आला होता. आमच्याच नंबरवरून. आत्या, आत फोनची घंटा वाजत होती, आणि मी कुलूप उघडल्यावर ती थांबली."

"बोलणारा कोण होता?"

"बोललं असं कोणी नाही. नुसतं कोणीतरी तोंडात रक्त भरल्यासारखं घरघरत होतं... मला वाटलं, तोंडात कापूस असल्यामुळे बोलता येत नाहीये."

आत्याने रेषा ओढली. उस्ताद, एक हार. अंतिम फेरी.

हॉलमध्ये आता कोणी खेळत नव्हते. हरलेले सगळे भिंतीला लागून उभे होते, आणि आश्चर्य म्हणजे घरी कोणीच गेले नव्हते.

"टेबल एक. भिंगरी. उस्ताद."

भिंगरी टेबलापासून चार पावलांवर क्यू उभा धरून बसली होती. ती उठली नाही.

"भिंगरी," आत्याने ध्वनिक्षेपक खाली ठेवून हाक मारली. "टेबलाशी ये. फक्त उभी राहा. पुढे चाल तुझी आहे."

ती हलली नाही. तिला चक्कर आलेली नव्हती, झोप लागलेली नव्हती, तिला ऐकू येत होते. ती सरळ आत्याकडे बघत होती. मुदत संपली.

"अगं ए!" मालक ओरडले. "काय केलंस हे? आत्याबाई, ते काही नाही, पोरीला विजयी जाहीर करा. दिवसभरात एक सामना हरलेली नाही ती!"

"आता हरली," आत्या म्हणाली. आपला आवाज कोरडा आहे एवढ्यावर तिने समाधान मानले. "दोघे टेबलाशी नव्हते. पहिलं मानांकन उस्तादाचं. हा सामना त्याचा."

"मग झालं का? उस्ताद विजेते? आणि राष्ट्रीयला कोणाला पाठवू, फोटोला?"

"झालं नाही. अंतिम सामना पुन्हा होईल."

"का म्हणून? अंतिम म्हणजे अंतिम!"

"मालक, दोनदा हरल्याशिवाय बाहेर नाही, हे आपण सगळ्यांना लावलं. कॅशियरला लावलं, वेल्डरला लावलं. मग भिंगरी एकाच हारीवर बाहेर कशी? उस्ताद खालून आला, एक हार घेऊन. ती वरून आली, एकही न घेता. तिने जिंकलं असतं तर त्याच्या दोन झाल्या असत्या, तिथेच संपलं असतं. ती हरली, म्हणून आता दोघांची एकेक. हिशेब बरोबरीत आला. बरोबरीत कोणी विजेता नसतो. आणखी एक डाव, त्यात हरेल त्याची दुसरी."

सांगताना तिला जाणवले, की आपण त्याच्यासाठी 'आला' आणि 'हरेल' अशी क्रियापदे सहज वापरतो आहोत.

ती भिंगरीशेजारी जाऊन बसली. पोरीचे हात गार होते.

"घाबरलीस?"

"नाही गं."

"मग? त्या सगळ्यांना निदान कारणं होती."

"मलाही आहे." भिंगरीने फळ्याकडे बोट केले. "माझ्याकडे एक हार शिल्लक होती, आत्या. बाबांकडे नव्हती. मी उठले असते तर ते संपले असते. बाकीचे कोणी त्यांना हरवायला आले नाहीत, आणि मी, मी उठून... म्हणून मी माझी हार त्यांना दिली. परवडत होती तोवर."

आत्याने तिच्या बोटाच्या दिशेने बघितले. आराखड्याकडे तिने या नजरेने कधी पाहिले नव्हते. वरून येणाऱ्याकडे एक हार शिल्लक असते, हे ती कित्येक वर्षे लोकांना समजावत आली होती. ती कोणाला देता येते, हे तिच्या डोक्यात आले नव्हते.

"आता परवडत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तू पुन्हा बसून राहिलीस, तर तो विजेता. नाव कळवायचं राहील. तुझं वर्ष जाईल. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या जागी तोच. पुन्हा मी ध्वनिक्षेपकावर... भिंगरे, मला दरवर्षी त्याला हाक मारायला लावू नकोस."

भिंगरीने तिच्याकडे पाहिले. आत्याला असे बोलताना तिने कधी ऐकले नव्हते. ती उठली, टेबलाशी गेली आणि कापडावर हात ठेवला.

"मी हजर आहे. पण मला पुढे चाल नको. मला डाव खेळायचा आहे."

हेही नियमात होते. हजर खेळाडू फुकटचा विजय नाकारून खेळ सुरू करू शकतो. समोरच्याची पाळी आली की घड्याळ लावायचे, वेळ गेली की त्याची चूक धरायची. उशिरा येणाऱ्याला संधी मिळावी म्हणून ती सवलत होती. आत्याने ती आजवर एकदाही वापरलेली पाहिली नव्हती.

खेळ नऊ चेंडूंचा होता. पांढऱ्या चेंडूने आधी टेबलावरचा सर्वांत लहान आकडा शिवायचा, आणि नऊ नंबर खिशात घालेल त्याचा डाव. भिंगरीने पहिला फटका मारून रचना फोडली. चेंडू कडाडून पांगले, दोन खिशात गेले. ती एकेक करून बाकीचे घालत गेली, वाकून, श्वास रोखून, बापाच्याच सवयीने हनुवटी क्यूला लावून. शेवटी सात, आठ आणि नऊ राहिले. सातला आधी शिवून तिने पांढरा नऊवर सोडला. सात नंबर कडेला आपटून राहिला. नऊ घरंगळत कोपऱ्यातल्या खिशाच्या ओठावर येऊन थांबला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

चुकले होते. पाळी समोरच्याची.

भिंगरी मागे सरकून खुर्चीत बसली, जसा प्रत्येक खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला बसतो तशी. आत्याने घड्याळ लावले. दिव्याखाली कोणी नव्हते. भिंतीशी उभ्या माणसांनी मात्र, आत्याने हे स्पष्ट पाहिले, टेबलाच्या एका बाजूला जागा करून दिली. वेल्डरने टोपी काढली.

चेंडू निश्चल होते. चांगला वेळ निश्चल होते. मग नऊ नंबर खिशात पडला.

मालकांनी भिंत धरली.

आत्याला कारणे माहीत होती. कापडाचे तंतू चेंडूच्या वजनाखाली हळूहळू दबतात. रस्त्यावरून जड वाहन गेले की तळघर हलते. ओठावरचा चेंडू पडतो, हे पूल खेळणाऱ्या कोणालाही नवे नाही, म्हणून तर त्याचा नियम आहे. तिने कान दिला. रस्त्यावर वाहन नव्हते.

"त्यांचा झाला," कॅशियर पुटपुटला. "त्यांच्या पाळीत पडला. डाव त्यांचा."

"आत्या," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "झाला का त्यांचा?"

सगळ्यांची नजर आत्यावर होती. तिला वाटले, त्यात एक नजर जास्त आहे. तिने मोजायचे टाळले.

"थांबलेला चेंडू फटका न मारता आपोआप पडला, तर तो कोणाचाच नाही," ती म्हणाली, हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. "तो होता तिथे परत ठेवायचा. हा नियम हजर माणसाला लागू आहे. गैरहजर माणसालाही लागू आहे. नात्यातल्या माणसालाही लागू आहे."

तिने खिशात हात घातला. चेंडू हाताला लागला, पण लगेच वर आला नाही. जाळीत अडकला असणार. तिने ओढला नाही, नुसता धरून ठेवला, आणि ओठातल्या ओठात, ध्वनिक्षेपकापासून लांब, म्हणाली, "दादा, सोड. तिला जाऊ दे."

चेंडू वर आला. तिने तो ओठावर ठेवला आणि बोटाने क्षणभर दाबून धरला, काटा स्थिरावेपर्यंत वजन धरतात तसा. मग बोट उचलले. चेंडू राहिला.

घड्याळ वाजले. "वेळ संपली. उस्तादाची चूक. पांढरा भिंगरीच्या हातात."

अशा चुकीनंतर पांढरा चेंडू हवा तिथे ठेवता येतो. भिंगरीने तो सातामागे सरळ रेषेत ठेवला. सात गेला. आठ गेला. नऊ तर ओठावरच होता, फुंकर मारली तरी गेला असता. तरीही ती फार वेळ वाकून राहिली, आणि तिचे डोळे नऊवर नव्हते, टेबलाच्या पलीकडे, अंधाराच्या त्या मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात होते. मग तिने एकदाच मान हलवली, कोणाला तरी 'हो' म्हणाल्यासारखी, आणि फटका मारला.

सामना संपल्यावर हात मिळवायचा असतो. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने हात पुढे केला. तो किती वेळ तसाच राहिला, आणि परत घेताना तिने मूठ का मिटली होती, हे आत्याने विचारले नाही.

ती फळ्याकडे वळली आणि उस्तादाच्या नावापुढे तिने दुसरी हार मांडली. आता रीतीप्रमाणे नाव उतरवायचे होते. मालक ओले फडके घेऊन आले, पण त्यांचा हात वर जाईना, म्हणून ते तिने घेतले. शाईचे नाव एकाच पुसण्यात गेले. त्याखालचा फळा तिला किंचित उबदार लागला. दिवसभर दिव्याजवळ असलेला फळा उबदार लागणारच, असे तिने स्वतःला सांगितले, आणि फडके घडी करून ठेवताना दिवा फळ्यापासून किती लांब आहे, हे बघायचे तिने कटाक्षाने टाळले.